आरसा, कुंकवाची डबी आणि सासूबाई

बेसिनच्या आरशावर, बरोब्बर डोक्याच्या वर एकच एलईडी पट्टी असली की भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठावर आणि हनुवटीची सगळ्या गळ्यावर पडते आणि चांगली धडधाकट बाई रात्रभर जागरण केल्यासारखी दिसते. आमच्या पार्ल्याच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललेलं. मी ते खड्डे कन्सीलरने बुजवायचे आणि लोकलच्या खिडकीतल्या उजेडात कळायचं की खड्डे नव्हतेच, आता पांढरे टेकाड झालेत. नवरोबा दाढी करून यायचे, जबड्याखाली एक पट्टा तसाच.

बाथरूमचं काम निघालं तेव्हा म्हटलं आता लाईटवाला आरसा. लोहार चाळीत गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवला तो आरसा इतका देखणा की बास, मागून भिंतीवर मस्त प्रभावळ पडलेली. नवरा म्हणाला, "घेऊन टाकू." मी समोर उभी राहिले तर भिंत उजळलेली आणि माझं तोंड अंधारात! मागून लाईट म्हणजे फोटोतल्या देवासाठी ठीक आहे हो, मला आयलाइनर लावायचंय. चेहऱ्यावर उजेड हवा तर तो समोरून आणि दोन्ही बाजूंनी यायला पाहिजे म्हणजे एका बाजूची सावली दुसरी बाजू खाऊन टाकते. म्हणून डाव्या-उजव्या कडेला उभे दुधी काचेचे पट्टे असलेला बघितला, आणि पट्टे चांगले लांब, कारण नवरा सहा फूट आणि सासूबाई पावणेपाच, दोघांच्याही तोंडासमोर पट्टा यायला हवा.

मग रंगाचा घोळ. दुकानदार म्हणे, "मॅडम, वॉर्म, कूल, नॅचरल तिन्ही आहेत." अहो पण तो झाला उजेडाचा सूर, पिवळा की पांढरा. त्या उजेडात वस्तूचा रंग खरा दिसतो की नाही ते वेगळं, त्याला सीआरआय म्हणतात, १०० म्हणजे पूर्ण. त्याच्या डब्यावर लिहिलेलं ८०. ऐकायला फर्स्ट क्लास मार्क वाटतात ना? पण हा आकडा ८ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत! त्याचा आकडा वेगळा, R9. आणि पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, त्यावर फॉस्फर नावाच्या पिवळ्या पावडरीचा थर, लाल तिथेच कमी. त्यामुळे ८० वाल्याचा R9 शून्याच्या आसपास किंवा चक्क उणे पण असू शकतो, आणि आपल्या कातडीत, ओठांत, गालांत लालच तर असतो. लाल गायब झाला की माणूस राखाडी-हिरवट दिसतो आणि मग आपण ब्लश थापत बसतो.

म्हणून मी पर्समधून कुंकवाची डबी काढली. दुकानदाराला वाटलं दुकानाची पूजा करतेय. ८० वाल्या आरशासमोर कुंकू विटकरी दिसलं, दुसऱ्या ९० च्या वर लिहिलेल्यासमोर लालभडक. मग दारात जाऊन दिवसाच्या उजेडात बघितलं, लालभडकच. डब्यावर R9 पण छापलेला होता, ५० च्या वर. भाव अर्थातच जास्त, नवऱ्याचा चेहरा कुठल्याही उजेडात पडलेलाच दिसला असता.

शेवटचं पाण्याचं. "वॉटरप्रूफ है" असं तो इतक्या आत्मविश्वासाने म्हणाला की मी सरळ आरसा उलटा करायला लावला. पट्टीवर सिलिकॉनचं आवरण, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा IP65, छान. पण तिला वीज देणारा ड्रायव्हर मागे नुसता चिकटवलेला आणि त्यावर IP20! IP मधला दुसरा आकडा पाण्याचा असतो, शून्य म्हणजे काहीच संरक्षण नाही. आमचा शॉवर बेसिनपासून दोन फुटांवर, मध्ये काच नाही, गिझरची वाफ, वर पावसाळ्यात टॉवेलसुद्धा वाळत नाही. पूर्ण आरशावर IP44 असा शिक्का असलेला मागितला, म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी चालतं. वाफेची गॅरंटी मात्र IP44 देत नाही, त्यामुळे एक्झॉस्ट लावावाच लागतो आणि नवऱ्याला सक्त ताकीद, बाथरूम धुताना आरशावर पाइप मारायचा नाही, पाइपच्या धारेला दुसरा आकडा निदान ५ लागतो.

इलेक्ट्रिशियनने वायर वरून आणायला घेतली होती, त्याला खालून आणायला लावली, नाहीतर भिंतीवर जमलेलं पाणी वायरवरून ओघळत थेट आत जातं. तो पुटपुटला पण केलं.

आता आरसा लागलाय. सासूबाई पहिल्यांदा समोर उभ्या राहिल्या, नीट जवळ जाऊन हनुवटी वर करून बघितली, मग मला हाक मारली, "अगं, याला जरा मंद करायचं बटण नाही का गं?"