चॅट एक्स्पोर्ट करून डिलीट करा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

"फोन फुल झालाय? कोणाशी पैशाचा व्यवहार चाललाय? मग हे कराच. व्हॉट्सॲप चॅट उघडा, एक्स्पोर्ट चॅट दाबा, विदाऊट मीडिया घ्या, फाईल स्वतःला मेल करा आणि चॅट बिनधास्त डिलीट करा. १) सगळं बोलणं कायमचं सेव्ह राहतं, मीडियाची गरज नाही, उगाच फाईल जड होते. २) नवीन फोनवर फाईल उघडली की चॅट जसंच्या तसं परत येतं. ३) ही फाईल कोर्टात थेट पुरावा म्हणून चालते. ४) एक्स्पोर्ट केल्याचं नोटिफिकेशन समोरच्याला जातं म्हणून रात्री उशिरा करा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हे माझ्याकडे तीन ग्रुपवर आलं आणि तिन्ही वेळा मी न बोलता पुढे गेले, त्याचं आता वाईट वाटतंय. कारण कराडच्या माझ्या मामांनी ते वाचलं आणि अक्षरशः पायरी-पायरीने केलं. मामांच्या घराचा वरचा मजला बांधून झालाय, कॉन्ट्रॅक्टरशी दीड वर्षाचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लॅस्टर दरात धरलेलंच नव्हतं, वर एक लाख नव्वद हजार द्या. मामा निवांत होते. फोनवर मला म्हणाले, "अगं माझ्याकडे सगळं रेकॉर्ड आहे, फाईल पाठवतो, तू फक्त ते दराचं बोलणं शोधून दे." मी फाईल उघडली, तारखेपर्यंत गेले आणि तिथे हे होतं:

```
14/11/2023, 9:42 pm - सेंट्रिंगवाले: <Media omitted>
14/11/2023, 9:44 pm - मामा: ठीक आहे, मग हेच ठरलं
```

बस. "हेच" म्हणजे काय ते वरच्या ओळीत होतं आणि वरची ओळ म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची दीड मिनिटाची व्हॉइस नोट. मामांना ती तोंडपाठ आहे, चौरस फुटाला १६५० आणि त्यात आतलं-बाहेरचं प्लॅस्टर धरून. पण फाईलमध्ये त्यातला एक शब्द नाही.

म्हणून पहिल्या मुद्द्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण खरं नुकसान तिथेच झालंय. विदाऊट मीडिया म्हटलं की लोकांना वाटतं गुड मॉर्निंगची फुलं आणि लग्नाचे व्हिडिओ जातील, बोलणं राहील. पण आपल्याकडे पैशाचं बोलणं टाईप करतं कोण? साईटवर उभा असलेला माणूस माईकचं बटण दाबून बोलतो. बिल असेल तर फोटो काढून टाकतो, जीपेचा स्क्रीनशॉट टाकतो, सळईच्या गाडीची पावती टाकतो. व्हॉट्सॲपच्या लेखी हे सगळं मीडिया. व्हॉइस नोटसुद्धा. मामांच्या फाईलमध्ये मी `<Media omitted>` शोधून मोजलं तर ६१२ ओळी निघाल्या. उरलेलं बहुतेक "हो", "ठीक", "उद्या येतो", "पाणी मारलं का" एवढंच.

आणखी एक गोष्ट फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. आपण मेसेज धरून त्याला रिप्लाय देतो ना, तो कुठल्या मेसेजला दिलाय हे टेक्स्ट फाईलमध्ये येत नाही. मामांनी एका दिवशी तीन प्रश्न विचारलेत: खिडक्यांचे ग्रील तुमच्याकडे का, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दरात आहे का, आणि शनिवारी स्लॅब पडेल का. खाली कॉन्ट्रॅक्टरचं एकच "हो". चॅटमध्ये ते कुठल्या प्रश्नाखाली होतं ते दिसत असणार, फाईलमध्ये ते तिन्हींचं होतं आणि कशाचंच नाही. अंगठ्याची इमोजी देऊन होकार दिला असेल, म्हणजे मेसेजवरच रिॲक्शन, तर तीही फाईलमध्ये नसते.

फाईल जड होते हे मात्र खरं आहे, ते मान्य करते. मीडियासकट घेतली की काहीशे एमबी सहज होते आणि जीमेल पंचवीस एमबीच्या वर अटॅचमेंट घेत नाही. व्हॉट्सॲपच्याच मदतीच्या पानावर मर्यादाही दिली आहे: मीडियाशिवाय शेवटचे ४०,००० मेसेज, मीडियासकट शेवटचे १०,०००. म्हणजे खूप मोठ्या चॅटचा जुना भाग मीडियासकटच्या एक्स्पोर्टमध्ये येतच नाही, आणि व्यवहारात दर ठरतो तो सुरुवातीलाच. पण यावर उपाय मीडिया सोडून देणं हा नाही. दोन एक्स्पोर्ट घ्यायचे, एक मीडियासकट आणि एक मीडियाशिवाय, आणि मोठा असेल तो मेलऐवजी ड्राइव्हवर नाहीतर केबल लावून कॉम्प्युटरवर टाकायचा.

घेतल्यावर फाईल उघडून बघायची, हे कोणीच करत नाही. सगळ्यात वरच्या ओळीची तारीख बघा. तुमचं पहिलं बोलणं ज्या दिवशी झालं ती तारीख नसेल तर वरचा भाग कापला गेलाय. मग मीडियासकटच्या फाईलमध्येसुद्धा `<Media omitted>` शोधा. जे फोटो तुम्ही डाऊनलोडच केले नव्हते किंवा जागेसाठी गॅलरीतून उडवले होते, ते फोनमध्येच नाहीत तर एक्स्पोर्टमध्ये कुठून येणार, त्यांच्या जागी तीच ओळ येते. नीट आलेल्या व्हॉइस नोटची ओळ अशी दिसते:

```
14/11/2023, 9:42 pm - सेंट्रिंगवाले: PTT-20231114-WA0012.opus (file attached)
```

आणि त्याच नावाची फाईल सोबत असते. (हे अँड्रॉइडचं, आयफोनवर नावं वेगळी दिसतात.) .opus साध्या प्लेअरवर वाजली नाही तर घाबरू नका, व्हीएलसीवर वाजते. महत्त्वाच्या दोन-चार नोटा ऐकून त्यात काय बोललंय ते वहीत तारीख आणि फाईलच्या नावासकट उतरवून ठेवा, दोन वर्षांनी सहाशे नोटांतून ती एक शोधताना जीव जातो.

दुसरा मुद्दा सरळ खोटा आहे. ती टेक्स्ट फाईल आहे, व्हॉट्सॲप ती परत आत घेत नाही, नवीन फोनवर उघडली तर नोटपॅडसारखी दिसेल एवढंच. चॅट परत येतं ते बॅकअपमधून, आणि बॅकअप चॅट डिलीट करायच्या आधीचा लागतो. अँड्रॉइड फोनच्या आत रोज पहाटे एक बॅकअप होतो पण तो साधारण मागच्या सात दिवसांचाच राहतो. मामांनी मला सांगितलं तीन आठवड्यांनी. गूगलवरचा बॅकअप तोपर्यंत नवा होऊन बसलेला, त्यात ते चॅट नाही. आणि चॅट डिलीट करताना जो चौकोन येतो ना, या चॅटमधला मीडियाही फोनमधून काढायचा का विचारणारा, त्यावरची खूण मामांनी तशीच ठेवली, जागा करायची होती म्हणून. त्यामुळे फोनच्या WhatsApp Voice Notes फोल्डरमध्येही काही सापडलं नाही, मी तासभर शोधलं.

तिसऱ्या मुद्द्याने तर लोक स्वतःचा हात तोडून घेतायत. टेक्स्ट फाईल कोणीही उघडून १६५० चं १८५० करू शकतो, मिनिटभराचं काम, मग न्यायाधीश ती नुसती कशी मानतील? शिवाय फाईलमध्ये नाव येतं ते तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेलं. मामांनी "सेंट्रिंगवाले" म्हणून सेव्ह केलं होतं, त्यामुळे पूर्ण फाईलमध्ये त्या माणसाचा नंबर एकदाही नाही! समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार, सेंट्रिंगवाले म्हणजे कोण. नंबर सेव्ह नसता तर नंबर आला असता. म्हणून एक्स्पोर्टच्या आधी कॉन्टॅक्टचा, नंबर दिसणारा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे आणि तो आपल्याच जालन्याच्या भांडणातून आलाय, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, यावर वाद, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. कोर्टाने म्हटलं की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची कॉपी द्यायची असेल तर सोबत एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. पण मूळ उपकरणच, म्हणजे लॅपटॉप किंवा मोबाइल, त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून दाखवलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, तिथे हे कलम ६३ मध्ये आहे, प्रमाणपत्राचा नमुनाही ठरवून दिलाय, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून कॉम्प्युटरने काढलेला तिचा ठसा, लिहावी लागते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

आता हे वाचून तो फॉरवर्ड परत वाचा. मूळ उपकरणातलं मूळ चॅट, जे सगळ्यात भक्कम होतं, तेच तो तुम्हाला उडवायला सांगतोय आणि बदल्यात हातात देतोय एक कॉपी, तीही व्हॉइस नोट काढून टाकलेली. वाद चालू असेल किंवा होईल असं वाटत असेल तर चॅट फोनमध्येच राहू द्या, त्यात डिसअपिअरिंग मेसेज चालू नाहीत ना तेवढं बघा, जागा हवी तर दुसरं काहीतरी उडवा. फोन बदलला तरी जुना विकू नका. एक्स्पोर्ट हा वाचायला आणि वकिलाला दाखवायला.

हॅश काढणं अवघड नाही, फाईलचं नाव chat.zip करा, ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेच विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एक ओळ:

```
certutil -hashfile chat.zip SHA256
```

जो लांबलचक आकडा येईल तो एक्स्पोर्ट घेतला त्याच दिवशी वकिलाला मेल करून ठेवा. नंतर फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण बदलतो, त्यामुळे त्या दिवसानंतर फाईलला हात लागला नाही एवढं दाखवता येतं. त्याआधी कोणी काही बदललं का, ते यातून कळत नाही.

चौथ्यावर काय बोलणार. नोटिफिकेशन जात नाही, दिवसाही नाही आणि रात्रीही नाही. एक गोष्ट मात्र आहे: २०२५ पासून ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी नावाचं सेटिंग आलंय, ते समोरच्याने चालू केलं की त्या चॅटचं एक्स्पोर्ट बंद होतं, आणि चालू केल्याची ओळ चॅटमध्ये दिसते. म्हणजे एक्स्पोर्ट घ्यायचा तर भांडण व्हायच्या आधी घ्या, दर महिन्याला बिल भागवतो तसा.

मामींच्या फोनमध्ये मामांनी कधीतरी फॉरवर्ड केलेल्या दोन व्हॉइस नोटा सापडल्या, एक विटांच्या दराची आणि एक जिन्याच्या फरशीची. १४ नोव्हेंबरची नाही. ती आता असली तर फक्त कॉन्ट्रॅक्टरच्या फोनमध्ये आहे, आणि मामा रविवारी त्याच्या घरी जाऊन ती ऐकव म्हणून सांगणार आहेत.