तरुण मॅनेजर आणि ज्येष्ठ सहकारी: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

“पंचेचाळिशीनंतर माणसाचा वेग घसरतो, नवे शिकणे त्याला जमत नाही आणि वयाने लहान साहेबाचे ऐकणे तर त्याला मुळीच रुचत नाही. म्हणून तरुण मॅनेजरने नवी कामे टीममधल्या तरुणांनाच द्यावीत.”

वेगाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, पण त्यामुळे सरावाचे कामही मंदावते असे नाही. टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या प्रतिक्रियेच्या चाचणीत मागे पडलेले वयस्क टंकलेखक टंकनात मात्र तरुणांच्या बरोबरीने होते, कारण बोट एका अक्षरावर असताना त्यांची नजर मजकुरात तरुणांपेक्षा अधिक पुढे गेलेली असे.

शिकण्याच्या मुद्द्यावर मी स्वतः चुकलो होतो. एकतिसाव्या वर्षी माझ्याकडे हिशेब विभागाची टीम आली आणि त्याच सुमारास नवी संगणकप्रणाली बसवली गेली. सर्वांना दोन तासांचे एकच प्रशिक्षण मिळाले. तीन आठवड्यांनी त्रेपन्न वर्षांच्या सहकारी बाईंच्या नोंदी सर्वांत कमी भरल्या, तेव्हा त्यांना जुन्या कामावर परत पाठवण्याचे मी जवळजवळ ठरवले होते. त्याआधी एक दिवस मी त्यांच्याशेजारी बसलो. त्या प्रत्येक बिल खरेदी आदेशाशी ताडून मगच नोंद करत होत्या, तर इतरांच्या झटपट नोंदी महिनाअखेरीस उलटवून पुन्हा कराव्या लागत होत्या. दुरुस्तीचा वेळ धरल्यावर तफावत जवळपास मिटली. उरलेली अडचण पडद्यावरील मार्ग लक्षात ठेवण्याची होती. सरावासाठी खोट्या नोंदींची वेगळी प्रत आणि रोज अर्धा तास दिल्यावर तीही दूर झाली. प्रौढांच्या प्रशिक्षणावरील अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००३ च्या विश्लेषणातही, शिकणाऱ्याला आपल्या गतीने पुढे जाऊ देण्याचा परिणाम सर्वांत मोठा आढळला होता. ज्येष्ठांची प्रशिक्षणाला जाण्याची तयारी सरासरीने थोडी कमी असते, हे मात्र मान्य करावे लागेल. पण ज्याला नवे काम मिळणारच नाही, त्याने प्रशिक्षणाला का यावे?

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. जर्मनीतील ६१ कंपन्यांच्या एका अभ्यासात, साहेब वयाने जितका लहान तितका राग आणि भीतीसारख्या भावना अधिक, असे दिसले. त्यावर काम काढून घेणे हा उपाय होत नाही, कारण त्याने ज्येष्ठाचा संशयच खरा ठरतो. निर्णय माझा राहील, परंतु कोणत्या बाबतीत तुमचे मत घेतल्याशिवाय तो होणार नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात नावानिशी सांगावे. आमच्याकडे ती बाब बिलांच्या पडताळणीची होती.