साडूच्या फोनचं भाग्य

माझा आणि माझ्या साडूचा फोन अगदी सारखा. मॉडेल एक, रंग एक, दुकानही एकच. तरी नवं अपडेट त्याच्याकडे आलं आणि माझ्याकडे नाही. त्याला प्रमोशन मिळालं असतं तर मी पेढा खाऊन गप्प बसलो असतो. पण "बघा सतीशराव, नोटिफिकेशन कसं मऊसूत सरकतंय! अरे हो, तुमच्याकडे यायचंय अजून," हे दर रविवारी किती ऐकून घ्यायचं?

मग मी बटणाच्या मागे लागलो. सेटिंग्ज, सिस्टिम, अपडेट तपासा. गोल चक्र फिरायचं, मोठा विचार केल्यासारखं थांबायचं आणि म्हणायचं: "Your system is up to date". वायफाय बदललं, फोन बंद-चालू केला, गॅलरीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. "अपडेट काय पावसासारखं वरून पडणार आहे का?" बायकोने आतूनच विचारलं. बहीण तिची अपडेट झालेल्या घरातली, तिला काय!

शेवटी पुतण्याला गाठलं. तो ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. "काका, अपडेट एकदम सगळ्यांना सोडतच नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या फोनचा ओळख क्रमांक आणि अपडेटचं नाव एकत्र घोटून त्यातून 0 ते 99 मधला एक आकडा काढायचा, ही एक सर्रास पद्धत. समजा तुमचा आला 83. पहिल्या दिवशी 1 टक्का सोडलं, म्हणजे फक्त शून्य आकडावाल्यांना. मग 10 टक्के, 25, 50. तुमची पाळी 84 टक्के झाल्यावर."

"आणि मी बटण दाबत राहिलो तर?"

"तोच फोन, तेच अपडेट, म्हणून आकडाही तोच. 83."

म्हणजे मी इतके दिवस त्या सर्व्हरला एकच प्रश्न विचारत होतो आणि तो न चिडता एकच उत्तर देत होता. आमच्या घरात एवढी सहनशीलता कोणाकडे नाही.

शितावरून भाताची परीक्षा, एवढाच यातला हेतू. दहा लाख फोन असतील आणि हजारात एका फोनला बिघडवणारी चूक अपडेटमध्ये राहिली असेल, तर 1 टक्क्याला सोडल्यावर दहा हजारांत दहाएक फोन बिघडतात. तेवढ्या तक्रारींवरून वितरण थांबवता येतं. सगळ्यांना एकदम दिलं असतं, तर हजार जण बोंबा मारत आले असते. मात्र थांबवलं म्हणजे पुढच्यांचं थांबलं. ज्यांच्या फोनवर गेलं ते गेलं. हे ऐकून मला साडूबद्दल प्रथमच माया वाटली. ज्याला मी भाग्य समजत होतो, ती चाचणी होती.

पण माणूस स्वस्थ बसतो का? आमच्या सोसायटीतल्या एका जाणकारांनी कानात सांगितलं, "ॲप्सच्या यादीत गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क शोधा, त्याचा डेटा पुसा, लगेच अपडेट येतं." पुतण्याने हात धरला. ही युक्ती जुनीच. 2013 मध्ये गूगलच्या डॅन मोरिल या अभियंत्याने लोकांना कळकळीने सांगितलं होतं की बाबांनो, हे करू नका. त्याने फोनची सर्व्हरकडची ओळखच बदलते, ॲप्सना वाटतं जुना फोन गेला, आणि त्यांचे संदेश यायचे बंद होऊ शकतात. अपडेटच्या नादात ओटीपीची सूचना गमावायची, हा सौदा मला परवडणारा नव्हता.

बटण दाबून खरोखर अपडेट मिळतं तिथली गोष्ट आणखी मजेदार. 2 ऑक्टोबर 2018 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चं मोठं अपडेट काढलं. सुरुवातीला ते मिळालं ते स्वतःहून "Check for updates" दाबणाऱ्यांना. बाकीच्यांना आठवड्याभराने आपोआप जायचं होतं. त्यातल्या काही उतावळ्यांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच गायब झाल्या. कंपनीने चार-पाच दिवसांत वितरण थांबवलं आणि दुरुस्त करून 13 नोव्हेंबरला पुन्हा सुरू केलं. ज्यांनी बटणाला हात लावला नव्हता, त्यांना बहुतेक पत्ताही नसेल.

साडूचं पुढे काय झालं? त्याचा फोन तव्यासारखा तापायला लागला. अपडेट थांबलं, दुरुस्ती आली आणि पुढच्या खेपेचं अपडेट निघालं. आकडा काढताना अपडेटचं नावही घोटतात ना, त्यामुळे नवं नाव म्हणजे नवा आकडा. काल सकाळी माझ्याच फोनवर सूचना झळकली: नवीन अपडेट उपलब्ध. साडूला फोन केला, तर त्याच्याकडे काहीच नाही! त्याने आवंढा गिळून विचारलं, "मग, टाकलंत का?"

"छे हो," मी म्हटलं, "तुमच्याकडे येऊ दे, मग बघतो."