गाडीवरच्या सिलेंडरला घाबरू नका, गाडीखालच्या खोक्याला घाबरा

बाजारात कुठे वडापावच्या नाहीतर चायनीजच्या गाडीला आग लागली की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतो आणि खाली ठरलेलं वाक्य असतं, "यांचे सिलेंडर जप्त करा." मी बरीच वर्षं एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो, घरं, हॉटेलं, गाड्या सगळीकडे नळ्या बदलत फिरलोय, आणि माझं मत जरा उलटं आहे. गाडीवरचे बरेचसे धोके या जप्तीच्या भीतीतूनच तयार होतात. कसे ते सांगतो, पटलं नाही तर भांडायला कमेंट आहेतच.

मुंबई-ठाण्याकडे रस्त्यावर शिजवायला पालिकेची परवानगी नसते हे सगळ्यांना माहितीये आणि तरी सगळे तिथेच खातात. गाडी येते (पालिकेची हो, वडापावची नाही), सिलेंडर उचलते, निघून जाते. सिलेंडर गेला की धंदा आठवडाभर बसतो. मग गाडीवाला काय करणार, सिलेंडर दिसणारच नाही असं बघणार. म्हणून गाडीच्या खाली पत्र्याचं नाहीतर प्लायचं खोकं बनतं, त्याला दरवाजा, दरवाज्याला कुलूप, समोरून कांद्याची गोणी आणि पाण्याचा ड्रम. वरच्या फळीला एक भोक पाडायचं, त्यातून नळी वर भट्टीला. बाहेरून बघितलं तर सिलेंडर आहे की नाही कळतही नाही. झालं, इथेच सगळा घोळ.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जवळपास दीड ते दोन पट. लिकेज झालं की तो वर जात नाही, खाली बसतो, खोकं असेल तर खोक्यात, गटाराची जाळी उघडी असेल तर गटारात. आणि पेटायला फार लागत नाही, हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगीची वाट बघणं एवढंच राहतं. आता हिशेब करून बघा. खोकं धरा चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे सोळा घनफूट, साडेचारशे लिटरच्या आसपास हवा. त्याचे दोन टक्के म्हणजे नऊ लिटर गॅस. वजनात वीस ग्रॅम. सिलेंडरमध्ये द्रवरूपात असताना हा गॅस अर्ध्या कटिंग चहाएवढासुद्धा भरत नाही. एकोणीस किलोच्या सिलेंडरमधला वीस ग्रॅम! आणि तासाला किलोभर गॅस खाणारी भट्टी असेल आणि तिची नळी खोक्यातच निसटली तर हे वीस ग्रॅम यायला सवा मिनिटसुद्धा लागत नाही. एवढ्यात गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे पण देऊन होत नाहीत. बारीक गळती असेल तर वेळ जास्त लागतो, फटींतून थोडा गॅस निघूनही जातो, पण जड असल्यामुळे तळाशी तो आधी साठतो, आणि नाक तर वर, तेलाच्या आणि लसणीच्या वासात. गॅसला जो घाण वास मुद्दाम घातलेला असतो तो गाडीवाल्याला सगळ्यात शेवटी कळतो.

उघड्यावर ठेवलेला सिलेंडर गळला तर वारा निदान थोडी मदत करतो. खोक्यात वारा नाही. म्हणून सिलेंडर लपवायला लावणारा नियम मला तरी सुरक्षेचा वाटत नाही, रागावू नका.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एक वडापाववाल्या मावशी होत्या, मी खायचो त्यांच्याकडे, तोंडओळख चांगली. एकदा म्हणाल्या, "भाऊ, गॅस लवकर संपतोय, सिलेंडरवाला कमी भरून देतोय का बघ ना." मी म्हटलं मावशी आधी भट्टी बंद करा, मग खोकं उघडा. सिलेंडर ठीक होता. नळी मात्र काळी, साधी रबराची, वरच्या टोकाला क्लिप नव्हती, बांधायची तार गुंडाळून पक्कडीने पिळलेली. तार रबरात रुतून चीर पडली होती. मधला भाग कढईच्या बरोबर खाली, तिथे रोज तेल ठिबकून नळी फुगलेली, बोटाने दाबली तर पिठाच्या गोळ्यासारखी मऊ. भांडी घासायच्या साबणाचा फेस केला, तारेवर लावला, बुडबुडे असे आले की मावशी दोन पावलं मागेच गेल्या. गॅस कमी भरलेला नव्हताच, तो खोक्यात जात होता. रोज रात्री भट्टीची चावी बंद करायच्या पण रेग्युलेटर चालूच, कारण तो गोणीच्या मागे, कुलपाच्या आत, कोण वाकणार. त्या खोक्याच्या खालच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती म्हणून त्या वाचल्या, माझं ठाम मत आहे. पक्क्या सुताराने बनवलेलं असतं तर सकाळी काडी ओढल्यावर बघायला नको.

मग काय केलं? आयएसआय मार्कवाली, आत तार असलेली नळी, दोन्ही टोकांना स्क्रूची क्लिप, नळी दीड मीटरच्या आत आणि कढईच्या बाजूने न नेता मागून फिरवलेली. खोक्याच्या दोन्ही बाजूंना अगदी तळाशी जाळी. वर भोकं पाडून उपयोग नाही, गॅस वर जातच नाही. कुलूप काढलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिलेंडर भट्टीच्या खालून काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला, रेग्युलेटर बाहेरच्या बाजूला, हात घातला की सापडेल असा. हे का, तर आग बहुतेक वेळा नळीला किंवा भट्टीपाशी लागते आणि त्यावेळी बंद करायचं असतं रेग्युलेटरवर. तो जर त्याच आगीच्या खाली खोक्यात असेल तर हात कोण घालणार? गाडीवाला पळतो, लोक शिव्या देतात पळाला म्हणून. मी पण पळालो असतो.

नळीबद्दल अजून एक. घरात पाच वर्षांनी बदला म्हणतात. गाडीवर ऊन, तेल, पाऊस, रात्री उंदीर. वर्षातून एकदा बदलायचीच असं मी सांगतो, आणि आधी मऊ झाली, फुगली, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर त्याच दिवशी. एका दिवसाच्या पावांपेक्षा कमी खर्च आहे.

आता रेग्युलेटर. घरचा रेग्युलेटर ठराविक कमी दाबाने गॅस सोडतो. भट्टीला तो पुरत नाही म्हणून हाय प्रेशरवाला लावतात, चावी फिरवली की दाब वाढतो. तो लावणं चूक नाही, पण नळी मग त्या दाबाला चालणारी पाहिजे. इथे घरगुती नळी हाय प्रेशरला लावलेली मी ढिगाने बघितलीये. शिवाय वाऱ्याने ज्वाळा विझली तरी गॅस चालूच राहतो, आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक भट्ट्यांना नसते. वारा अडवायला चारी बाजूंनी पत्रे लावतात तेव्हा ती उष्णता खाली सिलेंडरवर आणि नळीवर येते. पत्रा दोन बाजूंनाच लावा, खालून मोकळं ठेवा.

आणि थंडीत गॅस संपत आला की सिलेंडर आडवा करायचा, गरम पाण्यात ठेवायचा, हे बंद करा रे बाबांनो. आडवा केला की वाफेऐवजी द्रव गॅस नळीत येतो, त्या द्रवाचा बाहेर आल्यावर अडीचशे पट गॅस होतो, भट्टीतून माणसाएवढी ज्वाळा उठते. वर कढई तेलाने भरलेली.

कढई पेटली तर पाणी नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल गर्दीवर उडवते. गॅस बंद, वरून कढईपेक्षा मोठं झाकण नाहीतर पत्र्याचा तुकडा बाजूने सरकवायचा, आणि मग थांबायचं, उचलून बघायचं नाही, तेल गरमच असतं, हवा मिळाली की परत पेटतं. हा पत्रा गाडीला लटकलेला पाहिजे. मी शंभर गाड्या बघितल्या असतील तर पाण्याची बादली सगळ्यांकडे, झाकण जवळपास कुणाकडेच नाही.

बरं, "गाडी आली" असं कुणी ओरडलं की काय होतं हे बघितलंय का कधी? चालू भट्टी, उकळतं तेल, आणि दोन पोरं गाडी ढकलत गर्दीतून गल्लीत घुसतात. खाली नळी हिसके खातेय. बाजारातला सगळ्यात धोक्याचा क्षण कुठला विचाराल तर मी हाच सांगेन, आणि तो आपणच तयार केलाय.

कुणी म्हणेल परवानगी दिली की सगळे नीट वागतील का? नाही वागणार. परवाने, पक्की भिंत सगळं असलेल्या हॉटेलांतही होतं. कुर्ल्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये एका हॉटेलात सिलेंडरची गळती होऊन आठ जण गेले, बहुतेक कॉलेजची पोरं. पण २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना सांगा, सिलेंडर उघड्यावर दिसेल असा ठेव, एकच ठेव, नळीवरची तारीख दाखव, झाकण दाखव, नाहीतर दंड. दिसणारा सिलेंडर तपासता तरी येतो. घरचा लाल सिलेंडर धंद्याला वापरणं चूकच, पण गाडीवाल्याला पाच किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो हे कितीजणांना माहितीये? नाहीतर तो बाजारातला बिनकंपनीचा डबा घेतो आणि गल्लीत मोठ्यातून छोट्यात पिनेने भरून आणतो, तो तर फिरता बॉम्ब. खऱ्या सिलेंडरच्या वरच्या कडीच्या पट्टीवर आतून अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढचे तीन महिने, असं डी पर्यंत, तोपर्यंत त्याची चाचणी झालीच पाहिजे. डब्यावर काहीच नसतं.

रॉकेलचं थोडक्यात, कारण रेशनचं रॉकेल बहुतेक ठिकाणी बंदच झालंय. ज्यांच्याकडे पंपाचा स्टोव्ह आहे त्यांनी पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नका, आधी चावी सैल करून हवा सोडा, थंड होऊ द्या. आणि बाहेरून घेतलेल्या रॉकेलला पेट्रोलचा वास आला तर ते परत करा, भेसळीचं रॉकेल भडकतं.

आणि खाणाऱ्यांनो, गाडीपाशी उभं असताना पायाजवळ गॅसचा वास आला तर आधी सिगारेट विझवा, लायटर, स्कूटर काही चालू करू नका, गाडीवाल्याला शांतपणे सांगा दादा भट्टी आणि रेग्युलेटर दोन्ही बंद कर, खोक्याचा दरवाजा उघड, आणि दहा-पंधरा पावलं लांब व्हा, उताराच्या बाजूला नाही. गॅस गळतीसाठी १९०६, आग लागली तर १०१.