‘पीएफ लगेच काढा’ या मेसेजचा समाचार

“नोकरी सोडली की पीएफ लगेच काढा! ३ वर्षांनी खातं बंद, व्याज बंद, पैसा सरकारजमा. नवीन कंपनी नवीन खातं काढते, जुनं वाया जातं. २ महिने थांबा, फॉर्म १९ आणि १०सी एकदम भरा, पेन्शनचे पैसेही व्याजासकट घ्या, नाहीतर बुडतात. तेच पैसे बाहेर लावा, दुप्पट होतील. काम करून मिळेल, कमिशन फक्त ५ टक्के. पुढे पाठवा.”

हा मेसेज मला आमच्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, काढू का? सगळेच काढालेत की.” पोरगा २८ वर्षांचा. चिंचोली एमआयडीसीत चार वर्षं काढली, आता चाकणला चाललाय. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात कामगारांचा पीएफ भरण्याचं काम करतो. हा मेसेज वाचून आलेली माणसं माझ्या टेबलापुढे नेहमी उभी असतात. आता तो घरातच शिरला म्हटल्यावर एकदाच लिहून टाकतो.

तीन वर्षांचं आधी घेऊ, कारण माणूस घाबरतो तो त्यालाच. ही गोष्ट एके काळी खरी होती. १ एप्रिल २०११ पासून, ३६ महिने वर्गणी न आलेल्या खात्यांचं व्याज सरकारने खरोखर थांबवलं होतं. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये १९५२ च्या पीएफ योजनेचा परिच्छेद ७२(६) बदलला आणि ते कलम मागे पडलं. आता खातं ‘निष्क्रिय’ ठरतं ते ५५ नंतर निवृत्त होऊन, कायमचं परदेशी जाऊन किंवा सभासद वारल्यावर ३६ महिन्यांत कुणी अर्ज केला नाही तरच. म्हणजे २८ व्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याच्या जुन्या खात्यावर ५८ पर्यंत व्याज चढत राहतं. सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत पैसा जातो हेही खरं, पण तो खातं निष्क्रिय झाल्यावर पुढे सात वर्षं कुणीच मागितला नाही तर. मेसेज लिहिणारा अजून २०१६ च्या आधीच राहतोय.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. पैसा जुन्या खात्यात नुसता पडू दिला तर नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करमुक्त राहत नाही. बेंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये तसाच निकाल दिला. म्हणून ‘हात लावू नका, वाढू द्या’ हा सल्लाही अर्धाच आहे. काढू नका आणि तिथे सोडूनही देऊ नका. नव्या कंपनीच्या खात्यात वळवा. वळवलेली रक्कम चालू नोकरीचाच भाग होते आणि व्याजाचा हा प्रश्न उरत नाही.

‘नवीन कंपनी नवीन खातं काढते’ यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. नव्या कंपनीत नवा सभासद क्रमांक मिळतो, पण यूएएन, म्हणजे सभासदाचा आयुष्यभराचा एकच क्रमांक, जुनाच राहतो. २०१४ पासून यूएएन आला तो त्यासाठीच. रुजू होताना जो फॉर्म ११ भरतात त्यावर जुना यूएएन लिहायचा, बस. पण एजंट पोरांना सांगतात की तिथे ‘पहिलीच नोकरी’ असं लिहा. मग दोन यूएएन होतात, सेवा दोन तुकड्यांत विभागली जाते आणि ती पुन्हा जोडायला अर्ज घेऊन फिरावं लागतं. एजंट असं का सांगतो? कारण यूएएन एकच असला तर त्याचं पुढचं ‘दोन महिने थांबा’ चालणार नाही.

त्या दोन महिन्यांचा नियम असा आहे की, पीएफ लागू असलेल्या कुठल्याही ठिकाणी सलग दोन महिने नोकरी नसेल तरच खातं पूर्ण काढता येतं. तो नियम बेकारासाठी आहे. भाचा पुढच्या महिन्यात चाकणला रुजू होणार, त्याची वर्गणी सुरू होणार, मग तो बेकार कसा? ‘मी कुठेही कामाला नाही’ असं लिहून दिलं तर ते सरळसरळ खोटं. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये, पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोनवरून १२ महिने आणि पेन्शनची रक्कम काढण्याची ३६ महिने करायचं ठरवलं. म्हणजे मेसेज इथेही शिळाच.

आता १०सी, म्हणजे पेन्शनची रक्कम काढायचा फॉर्म. माझा खरा राग याच ओळीवर आहे, कारण इथे झालेलं नुकसान पुन्हा भरून येत नाही.

भाच्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरू. त्याच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात, कंपनीही तेवढेच भरते. पण कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि पीएफमध्ये येतात फक्त ५५०. चार वर्षांत पेन्शनकडे गेले ६०,०००. या रकमेवर पासबुकात व्याज कधीच दिसत नाही, कारण ते बचत खातं नाहीच. तिथे पैशांपेक्षा वर्षं मोजली जातात. मेसेजवाला म्हणतो व्याजासकट घ्या. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने नवा तक्ता जाहीर करताना स्वतःच उदाहरण दिलं होतं: १५,००० वेतनावर दोन वर्षं पाच महिने काम करून पेन्शनची रक्कम काढणाऱ्याला ३६,००० मिळतील. गुणाकार करून बघा. २९ महिन्यांचे १,२५० प्रमाणे ३६,२५० भरले गेले आणि हातात आले ३६,०००. कुठंय व्याज? त्याच हिशेबाने भाच्याला साठ हजारांच्या आसपास मिळतील.

आणि त्या साठ हजारांसाठी तो देणार काय? चार वर्षांची सेवा. ५८ नंतर मासिक पेन्शन लागण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून चालते. समजा भाच्याने चाकणला सात वर्षं काढली आणि मग सोलापुरात परत येऊन स्वतःचं वर्कशॉप टाकलं. चार वर्षं शाबूत असतील तर सेवा ११ वर्षांची. सूत्र असं: वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. म्हणजे १५,००० × ११ ÷ ७० = २,३५७ रुपये महिना, जन्मभर, आणि त्याच्यामागे बायकोला निम्मे. आज १०सी भरला तर उरतात सातच वर्षं आणि पेन्शन शून्य. तेव्हाही पुन्हा १०सी भरून एकरकमी घेण्याशिवाय इलाज नाही. तीस वर्षांनी २,३५७ रुपयांत काय येणार, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो रास्त आहे. फार काही येणार नाही. पण साठ हजारांच्या बदल्यात ते कायमचं सोडायचं असेल तर निदान सोडतोय हे माहीत असावं. मेसेजमध्ये उलट ‘नाहीतर बुडतात’ असं लिहिलंय! एखाद्याला नोकरीच कायमची सोडायची असेल आणि दहा वर्षं झालेली नसतील, तर त्याने १०सीवरच रकमेऐवजी योजना प्रमाणपत्र मागावं. त्यावर सेवा नोंदलेली राहते आणि पुढे कधी नोकरी लागली तर जोडता येते.

पीएफच्या बाजूचा हिशेब सोपा आहे. त्याचे १,८०० आणि कंपनीचे ५५० मिळून महिना २,३५० प्रमाणे चार वर्षं, व्याज सव्वाआठ टक्के, म्हणजे जमा साधारण १ लाख ३२ हजार. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा दर ८.२५ होता. ही रक्कम एक पैसा न घालता ५८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं चालली तर त्याच दराने १४ लाखांवर जाते. दर दरवर्षी ठरतो, तो एवढाच राहील असं कुणी सांगू नये. सरासरी सात टक्के धरली तरी दहा लाख होतात. आज काढली तर पाच वर्षं सलग सेवा नसल्यामुळे ती करपात्र ठरते आणि रक्कम ५०,००० च्या वर असल्याने, पॅन जोडलेला असला तरी दहा टक्के टीडीएस, म्हणजे १३ हजार आधीच कापले जातात. भाच्यासारख्याचं उत्पन्न करात बसत नाही, त्याला ते विवरणपत्र भरून परत मिळतील. पण भरतो कोण? वळवली तर चाकणचं पहिलं वर्ष संपताच जुनी चार धरून पाच वर्षं पूर्ण होतात आणि हा मुद्दाच निकालात निघतो.

बाहेर लावून दुप्पट करण्याबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या बँकांची ठेव आज सव्वाआठ देत नाही. पतसंस्था देते म्हणाल, तर बँकेच्या ठेवीला असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसतं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नसावी. महिना तीन टक्क्यांचं सावकारी कर्ज डोक्यावर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पैसे काढून ते फेडणं शहाणपणाचंच. आजारपण किंवा घरासाठी हवे असतील तर खातं बंद न करता अग्रिम मिळतो. आणि पाच टक्के कमिशन? भाच्याच्या रकमेवर साडेसहा हजार होतात, तेही ईपीएफओच्या पोर्टलवर फुकट होणाऱ्या कामाचे.

भाच्याला मी काय करायला लावलं तेवढं सांगतो. आधी पोर्टलवर Service History उघडून जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली का ते पाहिलं. भरली नव्हती. कंपनी टाळाटाळ करत असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी Mark Exit मध्ये जाऊन ती स्वतः भरता येते. ही तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढची पडली तर सेवा एकमेकींवर चढते आणि खुलासा मागितला जाऊ शकतो, म्हणून ती जुन्या पगारपत्रकाशी ताडून घ्यायची. आधार, पॅन आणि पीएफवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आमच्याकडे आडनाव आधी की नाव आधी, यावरूनच निम्मे अर्ज अडतात. नव्या कंपनीची पहिली वर्गणी पासबुकात दिसली की Online Services मधल्या One Member – One EPF Account मधून वळवण्याचा अर्ज करायचा. कधी कधी ते आपोआपही होतं, पण झालंय असं धरून चालू नये.

पैसे वळल्यावर जुन्या पासबुकात शून्य आणि नव्यात आलेली रक्कम दिसते. पण नव्या पासबुकातला पेन्शनचा रकाना जुन्या साठ हजारांनी वाढत नाही, तो नव्या वर्गणीपुरताच चालतो. हे पाहून लोक हबकतात, पेन्शन बुडाली म्हणतात आणि पुन्हा त्याच एजंटकडे धावतात. तिकडे पैसे नव्हे, वर्षं वळतात. ती Service History मध्ये दोन्ही कंपन्यांच्या तारखा एकाच यूएएनखाली लागल्यात का, यावरून तपासायची.