जड भाषेत अचूकपणा नसतो

«सरकारी पत्राची भाषा जड असते, कारण ती अचूक असते. सोपं लिहिलं की पळवाटा निघतात. शिवाय लहान वाक्यांनी पत्र लांबतं.» असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू बोलणारी पुष्कळ घरं आहेत. त्यातल्याच एका विडी कामगार वहिनींना एका कार्यालयातून हे पत्र आलं:

‘आपल्या संदर्भाधीन अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आवश्यक कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत न झाल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात आला आहे.’

‘निकाली काढला’ म्हणजे निकाल लागला, पेन्शन मंजूर झाली, असं समजून त्या दोन महिने पैशाची वाट बघत बसल्या. प्रत्यक्षात अर्ज बंद झाला होता. मला याचा फार राग येतो, कारण चूक त्यांची नव्हती.

आता अचूकपणा तपासू. कोणते कागद? पत्रात नाही. मुदत कोणती? नाही. अर्ज कोणी बंद केला? ‘काढण्यात आला’ म्हटलं की करणारा माणूसच गायब होतो. खरी पळवाट ही आहे, कारण वहिनींनी जाब विचारायचा कोणाला?

मी असा मसुदा हाती घेतला की प्रत्येक ‘-ण्यात येते’जवळ थांबतो आणि ‘कोण?’ विचारतो. मग ‘करणे’ला टेकलेली नामं शोधतो. ‘भरणा करावा’मध्ये भरण्याचा अर्थ नामात गेला आणि क्रियापद पोकळ राहिलं, तिथं ‘भरा’ पुरतं. तसंच ‘छाननी करणे’चं ‘तपासणे’. ‘पूर्तता’ मात्र नुसती बदलून भागत नाही. काय द्यायचं ते ठाऊक असल्याशिवाय ‘द्या’ लिहिता येत नाही, म्हणून फाईल उघडावी लागते. वहिनींच्या फाईलमध्ये दाखल्याचं नाव आणि तारीख दोन्ही होतं. त्यावरून पत्र असं झालं:

‘आपला पेन्शनचा अर्ज आम्ही बंद केला आहे. उत्पन्नाचा दाखला 30 एप्रिलपर्यंत मिळाला नाही. दाखला जोडून पुन्हा अर्ज करा.’

मूळ पत्रात वीस शब्द होते, यात अठरा आहेत. लांबण्याचा प्रश्न तिथंच मिटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात होकार की नकार हे कळायला टोक गाठावं लागतं. ‘बंद केला आहे’ पहिल्याच वाक्यात आलं, की घरातली शाळकरी पोरगीसुद्धा आईला ते तेलुगूत सांगू शकते.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग 2’ सोपा करायचा म्हणून ‘मालक’ लिहिलात तर घोटाळा होईल, कारण त्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. असा शब्द तसाच ठेवावा आणि पुढच्या वाक्यात लिहावं: ‘ही जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही.’