दोनास एक आणि तरी खडखडाट

घरात एकजण बी.कॉम. झाला, की अख्ख्या खानदानाच्या पोरांना बॅलन्स शीट शिकवणं त्याच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे तो बळी मी. पुतणीने यंदा पुढ्यात टाकलेली केस छत्र्या बनवणाऱ्या कंपनीची होती.

३१ मार्चचे आकडे असे: स्टॉक ६ लाख, डेटर्स २ लाख ४० हजार, रोख नि बँक मिळून ३० हजार, प्रीपेड विमा ५० हजार. समोर क्रेडिटर्स ३ लाख, बिल्स पेयेबल ५० हजार, ओव्हरड्राफ्ट १ लाख. तळाशी मुंगीच्या अक्षरात टीप: डेटर्सवर २० हजारांची बुडीत कर्जाची तरतूद करा. पेपर काढणाऱ्याचा खरा जीव त्या टिपेत असतो. तरतूद वजा केली, की चालू मालमत्ता ९ लाख, चालू देणी साडेचार लाख, करंट रेशो बरोब्बर २.

"काका, आदर्श! लिहू, स्थिती समाधानकारक?" हा शब्द ही मुलं घरूनच पेनात भरून आणतात.

"आधी क्विक रेशो काढ."

स्टॉक गेला, कारण तो आधी खपायला हवा. विमाही गेला, भरलेल्या हप्त्यातून कापडवाल्याचं बिल भागत नाही. उरले अडीच लाख. त्यांना साडेचार लाखांनी भागलं, ०.५६. म्हणजे रुपयाचं देणं आणि हाताशी ५६ पैसे, त्यातलेही बहुतेक उधारीवाल्यांच्या खिशात.

मग ओव्हरड्राफ्टवरून भांडण. तिच्या पुस्तकात तो देण्यांतून वगळला होता, कारण बँक तो वर्षानुवर्षं चालू ठेवते. तसं केलं तर भाजक साडेतीन लाख आणि उत्तर ०.७१. मला ते पटत नाही, कारण बँकेने मागितला की तो फेडावाच लागतो. पण गृहीतक एका ओळीत लिहिलं तर दोन्ही उत्तरं चालतात. न लिहिता तपासनीसाला ते ओळखायला लावू नये. त्याच्यापुढे गठ्ठा असतो.

"म्हणजे कंपनी बुडणार!" पुतणी एका फटक्यात दुसऱ्या टोकाला.

अगं, छत्र्यांचा धंदा! मार्चअखेर गोदाम तुडुंब असणारच, जूनमध्ये ते रिकामं होईल. हेच दोन रेशो सप्टेंबरअखेर काढले तर चित्र वेगळं दिसेल. म्हणून विचारायचं ते असं: क्रेडिटर्सना पैसे एप्रिलमध्ये द्यायचेत की जुलैमध्ये? आणि सहा लाखांत गेल्या वर्षीच्या न खपलेल्या छत्र्या किती? दीड लाखाच्या असल्या आणि त्यांना कोणी हात लावला नाही, तर तो आदर्श दोन १.६७ वर येतो.

तिने सगळं निमूट लिहून घेतलं, पानं मोजली आणि विचारलं, "काका, अर्थ लावायला तीनच मार्क आहेत. यातलं कुठलं गाळू?"